पंधरा रुपयांची चॅट स्वस्त की साडेसदतीसची?

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम चाळताना एखादी जाहिरात दिसते, तिच्याखाली व्हॉट्सअॅपचं बटण असतं आणि ते दाबलं की थेट दुकानदाराशी चॅट उघडते. वेबसाईट लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही. लहान दुकानदाराला हा प्रकार मानवतो, कारण गिऱ्हाइकाशी बोलून माल विकायचं काम तो रोज करतोच. घोळ होतो तो हिशेबात. जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये ठळक दिसतं ते एवढंच, की किती चॅट सुरू झाल्या आणि एक चॅट कितीला पडली. विक्रीचे पैसे येतात यूपीआयवर नाहीतर गल्ल्यात, आणि ते फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीला दिसत नाहीत. त्यामुळे ‘चॅट स्वस्त पडतेय म्हणजे जाहिरात चाललीय’ असं धरून बरेच जण पैसे ओतत राहतात.

हे नीट कळायला एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेबाची रीत तुमच्या दुकानालाही तशीच लागू होईल.

समजा कोल्हापुरात चप्पल लाईनला एक दुकान आहे. रोजच्या वापराची साधी चामडी कोल्हापुरी, किंमत १,६५० रुपये. माल आणि कर मिळून १,०५० जातात, पॅकिंग आणि कुरिअरला १३०. राहिले ४७०. दुकानभाडं, पगार सगळं यातूनच निघायचं, पण तूर्त ते बाजूला ठेवू. दुकानदाराने दोन जाहिराती केल्या. पहिलीत चपलेचा छान फोटो आणि ‘अस्सल कोल्हापुरी, किमतीसाठी मेसेज करा’ एवढंच. दुसरीत वीस सेकंदांचा व्हिडिओ: चप्पल हातात धरून वळवून दाखवलेली, तळ दाखवलेला, आणि पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं, ‘१,६५० रुपये, कुरिअरसह, पैसे आधी’. पहिलीला आपण ‘फोटो’ म्हणू, दुसरीला ‘व्हिडिओ’. दोन्हींना दिवसाला दीडशे रुपये, दहा दिवस. म्हणजे प्रत्येकी १,५००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून प्रत्येकी १,७७०. हा जीएसटी लोक हमखास विसरतात. रिपोर्टमध्ये तो धरलेला नसतो, बिलात असतो.

दहा दिवसांनी रिपोर्ट म्हणतो: ‘फोटो’वरून १०० चॅट, एक १५ रुपयांना. ‘व्हिडिओ’वरून ४० चॅट, एक साडेसदतीसला. हे एवढंच बघितलं तर कुणीही ‘व्हिडिओ’ बंद करेल.

थांबा जरा. हा चॅटचा आकडा मुळात काय मोजतो ते बघू. जाहिराती चालवायचं मेटाचं साधन म्हणजे अॅड्स मॅनेजर, त्यात त्याचं नाव असतं Messaging conversations started. जाहिरातीवरून आलेल्या माणसाने मेसेज पाठवला की एक चॅट मोजली जाते. त्याने पुढे काही बोललं की नाही, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. बटण दाबल्यावर बहुतेक वेळा मेसेज आधीच लिहिलेला असतो, गिऱ्हाइकाने फक्त पाठवायचं बटण दाबायचं. किंमत न लिहिलेल्या जाहिरातीवर लोक सहज दाबतात, तुम्ही ‘१,६५०’ म्हणालात की गप्प होतात. ती चॅटही शंभरात मोजलेली असते. शिवाय सात दिवस किंवा जास्त शांत असलेला माणूस जाहिरातीवरून पुन्हा आला तर ती नवी चॅट धरली जाते. म्हणून तुमच्या फोनमधली माणसं आणि रिपोर्टमधल्या चॅट कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. पाच-सात इकडेतिकडे असेल तर डोकं खपवू नका.

यातली खरी मेख पुढे आहे. जाहिरातीची मोहीम करताना तुम्ही ‘मला जास्तीत जास्त चॅट हव्यात’ असं निवडलेलं असतं, आणि मेटाची यंत्रणा तेवढंच करते. चॅट सुरू करायची सवय असलेली माणसं शोधते आणि त्यांना जाहिरात दाखवते. कोण विकत घेतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही जाहिराती एकाच अॅड सेटमध्ये, म्हणजे मोहिमेतल्या जाहिरातींच्या एकाच गटात ठेवल्या तर ती काही दिवसांतच बहुतेक पैसा स्वस्त चॅट देणाऱ्या ‘फोटो’कडे वळवेल आणि ‘व्हिडिओ’ला चार माणसंही बघणार नाहीत. मग तुलना होणार कशी? म्हणून दोन जाहिराती तोलायच्या असतील तर दोन वेगळे अॅड सेट करा, प्रत्येकाचं बजेट वेगळं द्या, आणि मोहिमेच्या पातळीवर एकच सामाईक बजेट ठेवण्याचा पर्याय बंद ठेवा. पोस्टखालचं बूस्ट बटण पटकन दाबायला बरं, पण एवढी मांडणी तिथे करता येत नाही. त्यासाठी अॅड्स मॅनेजरच उघडावं लागतं.

आता चॅट कुठल्या जाहिरातीवरून आली हे दुकानात बसलेल्या पोराला कसं कळणार? साधारणपणे अशा चॅटच्या सुरुवातीला जाहिरातीचं छोटं चित्र दिसतं. पण गर्दीच्या वेळी ते वर सरकून जातं. त्यापेक्षा आधीच लिहिलेल्या मेसेजमध्येच खूण घालावी. जाहिरात करताना मेसेज टेम्प्लेटमध्ये हा मजकूर बदलता येतो. ‘फोटो’साठी ‘नमस्कार, कोल्हापुरीबद्दल माहिती हवी. (फ१)’ आणि ‘व्हिडिओ’साठी तोच मजकूर, शेवटी ‘(व१)’. काही जण ते खोडून स्वतःचं लिहितात, पण बहुतेक जण तसंच पाठवतात. दुकानाच्या पाटीवर किंवा इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये लिंक द्यायची असेल तर तिलाही वेगळी खूण द्या, म्हणजे फुकट आलेलं गिऱ्हाईक जाहिरातीच्या खात्यात जाणार नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Namaskar%20(P1)
```

एक्सच्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. `%20` म्हणजे मोकळी जागा.

मेसेज आला. आता घड्याळ सुरू झालं. माणूस रात्री साडेनऊला रील्स चाळत होता, तुमची चप्पल दिसली, बटण दाबलं. तो काही कोल्हापुरी घ्यायला बाहेर पडला नव्हता. तुमच्या दुकानाच्या दारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबतं, कारण ते चालत आलेलं असतं. हा माणूस अंगठ्याने आला आणि अंगठ्यानेच जाणार. सकाळी दहाला दुकान उघडून ‘हो, आहे’ असं लिहिलंत तर त्याला आपण काय विचारलं होतं हेही आठवत नसतं.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतात, आणि तिन्ही फुकट असलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये किंवा अॅड्स मॅनेजरमध्येच आहेत.

पहिली म्हणजे आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज. गिऱ्हाईक पहिल्यांदा लिहितं किंवा चौदा दिवस काही बोलणं झालेलं नसतं तेव्हा हा जातो. इथे बहुतेक दुकानं वाया घालवतात: ‘आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ.’ याला गिऱ्हाइकाने काय उत्तर द्यायचं? त्याऐवजी किंमत सांगा आणि एकच सोपा प्रश्न विचारा. ‘नमस्कार! साधी कोल्हापुरी १,६५० रुपये, कुरिअरसह. तुम्ही बूट कितव्या नंबरचा घालता?’ गिऱ्हाईक ‘८’ एवढं टाकतं आणि बोलणं सुरू होतं. ज्याला किंमत झेपत नाही तोही इथेच गळतो, तुमचा वेळ न घेता. आकडा टाकणारा माणूस आणि आकडा न टाकणारा माणूस, यात पुढे विक्रीच्या दृष्टीने फार अंतर असतं. वहीत ते दिसेलच.

दुसरी गोष्ट, क्विक रिप्लाय. तीच तीच उत्तरं साठवून ठेवायची आणि तिरकी रेघ टाकून शब्द लिहिला की ती येतात. `/map`, `/rate`, `/upi`, `/khari` अशा चार-सहा पुरतात. अॅप पन्नासपर्यंत साठवू देतं, पण पन्नास कुणाच्या लक्षात राहतात! यात सगळ्यात कामाचा `/map`. चप्पल ऑनलाईन विकताना भांडण होतं ते मापावरून. बुटाचा नंबर आणि कोल्हापुरीचा नंबर दर वेळी जुळत नाही, अंगठा नवीन असताना घट्ट बसतो, पट्टा वापरून सैल होतो. म्हणून साठवलेलं उत्तर असं असावं: ‘ताई, जमिनीवर कोरा कागद भिंतीला लावून ठेवा. टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाला पेनाने खूण करा आणि भिंतीपासून खुणेपर्यंत किती सेंटिमीटर ते पाठवा. दोन्ही पायांचं घ्या, मोठं असेल ते धरू.’ दादा की ताई ते पाठवण्याआधी बदलायचं, हे पोराला सांगून ठेवा. नाहीतर पुण्याच्या एखाद्या काकांना ‘ताई’ जाईल.

`/khari` मध्ये ‘ही खरी कोल्हापुरी कशावरून?’ याचं उत्तर. तळाच्या शिलाईचा जवळून काढलेला फोटो आणि दोन ओळी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. तुमचा कारागीर कुठल्या गावचा हे लिहिलंत तर या प्रश्नाचं समाधान होतं.

तिसरी गोष्ट लोक करत नाहीत, आणि ती केली तर सगळ्यात जास्त पैसा वाचतो. उत्तर द्यायला माणूस नसेल तेव्हा जाहिरातच बंद ठेवायची. अॅड सेटमध्ये रोजच्या बजेटऐवजी लाईफटाईम बजेट, म्हणजे सगळ्या दिवसांचं मिळून एकच बजेट निवडलं की दिवसातले ठरावीक तास निवडायचा पर्याय मिळतो. दुकानात दुपारी गर्दी आणि रात्री साडेदहाला शटर खाली, तर संध्याकाळी सात ते दहा जाहिरात चालवा आणि ते तीन तास फोन एकाच माणसाच्या हातात द्या. एका नंबरला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे घरी कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी किंवा सूनसुद्धा तीच चॅट सांभाळू शकते. फक्त कुणाची चॅट कोण बघतंय ते ठरलेलं असावं. ‘त्याने दिलं असेल’ म्हणत दोघेही उत्तर देत नाहीत, असं घरोघरी चालतं.

आता वही. खरी वही चालेल, गूगल शीट चालेल. एका चॅटला एक ओळ. रकाने मोजके: तारीख, नंबरचे शेवटचे चार आकडे, जाहिरातीची खूण, मेसेज किती वाजता आला, आपण माणसाने पहिलं उत्तर किती वाजता दिलं, माप दिलं का, पैसे आले का, माल परत आला का. स्वागताचा आपोआप मेसेज हे उत्तर धरायचं नाही. फोनमध्ये यासोबत लेबलं लावा. बिझनेस अॅपमध्ये नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे येणे बाकी, पैसे आले अशी लेबलं तयार असतात, आणखी स्वतःची करता येतात. लेबल हे आज ही चॅट कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवायला. महिन्याचा हिशेब मात्र वहीतूनच निघतो, कारण लेबल बदललं की आधीचं पुसलं जातं.

वही लिहिताना दोन-तीन नियम घट्ट पाळावे लागतात. विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवसावर मांडू नका, चॅट ज्या दिवशी आली त्याच ओळीत मांडा. गिऱ्हाईक तीन तारखेला बोललं आणि अकराला पैसे दिले, तर विक्री तीन तारखेच्या जाहिरातीची. नाहीतर कालची जाहिरात आज उगीच भारी वाटते. म्हणून दहा दिवसांची जाहिरात संपली की लगेच निकाल काढू नये, आणखी आठवडाभर ओळी भरू द्याव्यात. दुसरं, ‘पैसे पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट आला की खूण करायची नाही. बँकेत जमा झाल्याचं आपल्या डोळ्यांनी बघायचं. बनावट स्क्रीनशॉट हा आता धंद्याचाच भाग झालाय. कॅश ऑन डिलिव्हरी देत असाल तर पार्सल स्वीकारलं गेलं तरच विक्री, परत आलं तर जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च त्याच जाहिरातीच्या नावावर.

तिसरा नियम कोल्हापूरचा खास. सांगली-साताऱ्याचं, अगदी पुण्याचंही गिऱ्हाईक चॅटवर सगळी चौकशी करतं, आणि मग ‘पुढच्या आठवड्यात अंबाबाईच्या दर्शनाला येतोयच, तेव्हा घेतो’ म्हणतं. खरंच येतंही. गल्ल्यावर रोख देऊन जातं आणि जाहिरातीच्या खात्यात ही विक्री शून्य लागते. म्हणून गल्ल्यावरच्या माणसाने विचारायचं, ‘दादा, व्हॉट्सअॅपवर बोलला होता काय?’ हो म्हणाले की नंबरचे शेवटचे चार आकडे घ्यायचे आणि वहीतली ओळ शोधायची. चपलेचं खोकं बांधेपर्यंत होतं हे.

आता आपल्या दुकानाची वही उघडू. ‘फोटो’च्या १०० चॅटमधून विक्री झाली ३ जोडांची. ‘व्हिडिओ’च्या ४० मधून ७. एक विक्री मिळवायला ‘फोटो’ला १,७७० भागिले ३, म्हणजे ५९० रुपये गेले. ‘व्हिडिओ’ला १,७७० भागिले ७, म्हणजे साधारण २५३. एका जोडामागे उरतात ४७०. म्हणजे ‘फोटो’च्या प्रत्येक विक्रीत खिशातून १२० गेले, एकूण ३६० रुपये तोटा. ‘व्हिडिओ’ने ७ जोडांचे ३,२९० आणले, त्यातून १,७७० वजा जाता १,५२० उरले. स्वस्त चॅट महाग पडली.

यातूनच एक कामाचा आकडा निघतो: एका चॅटला जास्तीत जास्त किती द्यायला परवडतं? जोडामागे उरणारे पैसे गुणिले शंभरात किती चॅटची विक्री होते. ‘फोटो’ला शंभरात ३, म्हणजे ४७० चे ३ टक्के, १४ रुपये १० पैसे. चॅट मात्र जीएसटीसह १७ रुपये ७० पैशांना पडत होती, म्हणजे तोटा ठरलेलाच. ‘व्हिडिओ’ला शंभरात साडेसतरा, म्हणजे ८२ रुपयांपर्यंत परवडलं असतं आणि पडत होती ४४ रुपये २५ पैशांना. हा परवडण्याचा आकडा दुकानातल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी रिपोर्टमध्ये चॅट पन्नासची दिसली तर घाबरायचं कारण नाही, आणि वीसची दिसली तर खूश व्हायचंही नाही.

तीन आणि सात हे आकडे लहान आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. एखादं लग्नघर येऊन चार जोड घेऊन गेलं की गणित उलटं फिरतं. ३ विरुद्ध ४ असतं तर मी काहीच ठरवलं नसतं, आणखी दहा दिवस चालवलं असतं. इथे ४० मधून ७ आणि १०० मधून ३ असा फरक आहे, तेवढ्यावर ‘फोटो’ बंद करायला हरकत नाही.

उत्तराच्या वेळेचा रकानाही चाळून बघा. ‘व्हिडिओ’च्या ४० चॅटपैकी २४ ना दहा मिनिटांत माणसाचं उत्तर गेलं होतं, त्यातून ६ विक्री. १६ ना उशिरा, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी, त्यातून १. सगळा फरक वेळेचाच असं म्हणणार नाही, कारण रात्री बाराला मेसेज टाकणारा माणूस मुळात वेळ घालवत असण्याची शक्यता जास्त. पण उशिराच्या १६ चॅटचे सातशेच्या वर रुपये दिले आणि एक जोड विकला गेला, हे खरं. त्या तासांत जाहिरात बंद ठेवली असती तर तेच पैसे संध्याकाळच्या वेळेला लागले असते.

हिशेब मेटाला परत सांगता येतो का? येतो. त्याचा एक मार्ग म्हणजे व्हॉट्सअॅपचा बिझनेस प्लॅटफॉर्म, जिथे बहुतेकदा एखाद्या कंपनीचं सॉफ्टवेअर मधे असतं. तिथे जाहिरातीवरून आलेल्या पहिल्या मेसेजसोबत `ctwa_clid` नावाची खूण येते. विक्री झाली की ती खूण आणि रक्कम कन्व्हर्जन्स एपीआय या मेटाच्या जोडणीने मेटाला पाठवायची, मग यंत्रणा चॅटऐवजी घेणाऱ्यांच्या मागे जायला शिकते. महिन्याला दहा-वीस विक्री असलेल्या दुकानाने या भानगडीत पडू नये. सॉफ्टवेअरचं भाडंच नफा खाईल, आणि एवढ्या थोड्या विक्रीतून यंत्रणा काही शिकतही नाही. रोज हाताने वही लिहिणं नको वाटायला लागेल इतक्या चॅट यायला लागल्या की मग विचार करावा.

त्याआधी मोह होतो तो बजेट वाढवायचा. आपल्या उदाहरणात दिवसाला चौदा चॅट येत होत्या. ‘फोटो’ बंद करून सगळे तीनशे ‘व्हिडिओ’ला लावले तर साधारण आठ येतील, आणि तीन तासांत एका माणसाला त्या आरामात झेपतील. सहाशे केले तर सोळा, तेही एकाला जमेल. बाराशे केले की बत्तीस, आणि मापं विचारणं, फोटो पाठवणं, यूपीआय तपासणं हे सगळं धरलं तर पहिल्या उत्तराची दहा मिनिटं चाळीसवर जातात. चॅटचा भाव तोच राहील, विक्री मात्र शंभरात साडेसतरावरून खाली यायला लागेल. वाढवायचंच असेल तर आधी संध्याकाळच्या वेळेला दुसरा माणूस बसवा, मग बजेट तीनशेवरून साडेचारशे करा आणि पंधरा दिवस वहीतला उत्तराच्या वेळेचा रकाना बघा.